पाचापैकी एक पूर्णांक नऊ

पंप आणि पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या त्या कंपनीत फोनवर ऑर्डरी घेणारी अकरा माणसं होती, आणि त्या अकरांत व्यवस्थितराव सगळ्यांत जुने. हे नाव त्यांना आईवडिलांनी ठेवलं नव्हतं. "कसं काय?" असं कोणीही विचारलं की ते "व्यवस्थित" म्हणत. घरात नळ फुटलेला असो, दाढ सुजलेली असो, उत्तर तेच. एकवीस वर्षं हे ऐकल्यावर ऑफिसने त्यांचं बारसं करून टाकलं. त्यांनीही नाव मनाला लावून घेतलं नाही, कारण त्यांचं टेबल, त्यांचे कप्पे आणि त्यांचं अक्षर खरोखरच तसं होतं.

एका गुरुवारी मात्र ते व्यवस्थित राहिले नाहीत. वार्षिक पगारवाढीची पत्रं वाटली गेली. व्यवस्थितरावांच्या पत्रात चार टक्के होते. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या हिरोने आपलं पत्र उघडंच टाकलं आणि तो चहाला गेला. कोणाचं पत्र वाचणं वाईट, हे व्यवस्थितरावांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ते फक्त एकदाच वाचलं. बारा टक्के.

हिरोबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण त्याच्याकडे बघितल्यावर इतर काही सुचत नसे. उंच, सरळ नाकाचा, हसला की समोरचाही विनाकारण हसायचा. पोरगा स्वभावाने वाईट नव्हता. वाईट असता तर व्यवस्थितरावांना कितीतरी सोपं गेलं असतं.

ते घरी आले ते बूट न काढताच. "महिन्याला तो दोनशे बारा ऑर्डरी घेतो आणि मी दोनशे नऊ," ते म्हणाले. "त्याच्या चुका अकरा, माझ्या दोन. आणि वाढ त्याला तिप्पट!"

"बूट," बायको म्हणाली.

लेक मात्र पुस्तकातून डोकं वर काढून बघू लागली. ती संख्याशास्त्र शिकून वर्षभर नोकरी शोधत होती. तीन ठिकाणी लेखी परीक्षेत पहिली आली आणि तिन्ही ठिकाणी मुलाखतीत गळली. तिसऱ्या ठिकाणी ओळखीच्या एका बाईंनी तिच्या कागदावरचा शेरा चोरून सांगितला होता: "हुशार आहे, प्रभाव पडत नाही." तेव्हा व्यवस्थितरावांनी स्वयंपाकघरात उभं राहून जाहीर केलं होतं की हे लिहिणारा माणूस सापडला तर त्याला लेकीसमोर कान धरून उभा करीन. लेक पूर्णपणे बापाच्या वळणावर गेली होती. तेच आखूड कपाळ, तीच बसकी हनुवटी आणि तेच दोन भलेमोठे, बाहेर डोकावणारे कान.

"बाबा, तुमच्या वाढीचे मार्क देतात कशावर?" तिने विचारलं.

निम्मे मार्क ऑर्डरी आणि चुकांवर. उरलेले निम्मे विभागप्रमुख मॅडम देत: व्यक्तिमत्त्व, आत्मविश्वास, पुढारपण. फॉर्मच्या उजव्या कोपऱ्यात कर्मचाऱ्याचा फोटो चिकटवलेला असे, म्हणजे मार्क देताना चुकून दुसऱ्यालाच दिले जाऊ नयेत.

"फोटो?" लेक म्हणाली. "तुम्ही फोनवर काम करता ना? गिऱ्हाइकाला तुमचं तोंड दिसतच नाही."

"ही गिऱ्हाइकांवर देवाची कृपा आहे," बायको म्हणाली. "आता तरी बूट काढा."

त्या रात्री जेवताना लेकीने जे सांगितलं ते ऐकून व्यवस्थितरावांचा घास तोंडातच राहिला. दिसण्याचा आणि पगाराचा संबंध माणसं बऱ्याच वर्षांपासून मोजत आहेत. देखण्यांना चारचौघांसारख्या दिसणाऱ्यांपेक्षा थोडा जास्त पगार मिळतो. चारचौघांपेक्षा डावं दिसणाऱ्यांना मात्र पाच-दहा टक्के कमी मिळतो. म्हणजे देखण्यांना जेवढं बक्षीस, त्याहून सहसा मोठा दंड बाकीच्यांना. आणि हे फक्त दुकानात किंवा पडद्यावर घडतं असं नाही, जिथे चेहऱ्याचा कामाशी काडीचा संबंध नाही तिथेही घडतं.

"पण दिसणं मोजणार कोण?" व्यवस्थितराव म्हणाले. "ज्याची त्याची आवड असते."

"तसं वाटतं आपल्याला. पण परक्या माणसांना फोटो दाखवून मार्क द्यायला सांगितले तर त्यांचं बरंचसं जुळतं."

खरं म्हणजे त्यांनी इथेच थांबायला हवं होतं. पण कंपनीच्या वार्षिक अंकात अकराही जणांचे फोटो छापलेले होते, सारख्या आकाराचे, सारख्या निळ्या पडद्यापुढचे. लेकीने ते कापले, नावं काढून टाकली आणि आपल्या अभ्यासिकेत नेले. तिथल्या तीस अनोळखी मुलामुलींनी प्रत्येक फोटोला एकापासून पाचापर्यंत मार्क दिले. शेजाऱ्यांकडूनही मार्क घ्यावेत असा व्यवस्थितरावांचा आग्रह होता, पण लेक म्हणाली की ओळखीची माणसं चेहऱ्याला मार्क देत नाहीत, माणसाला देतात.

तिसऱ्या दिवशी निकाल लागला. हिरो: चार पूर्णांक चार. व्यवस्थितराव: एक पूर्णांक नऊ.

"पाचापैकी?" त्यांनी विचारलं.

"पाचापैकी."

"दहापैकी तर नाही ना समजले कोणी?"

एका मुलीने फोटोखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, "हे काका कोणावर चिडलेत का?" व्यवस्थितरावांना तो फोटो काढतानाचा दिवस आठवला. ते त्या दिवशी अतिशय खुशीत होते. बायकोने निकालाचा कागद घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाली, "एक पूर्णांक नऊ! हल्ली लोक मोठ्या मनाचे झालेत." मग नवऱ्याचा पडलेला चेहरा बघून तिने पटकन विचारलं, "मी किती दिले असते विचारा ना." त्यांनी विचारलं. "तीन," ती म्हणाली. "चार म्हटलं असतं तर तुम्हाला खोटं वाटलं असतं."

मार्क आणि पगारवाढ शेजारी शेजारी मांडल्यावर चित्र स्वच्छ होतं. सगळ्यांत कमी मार्कांची तीन माणसं वाढीतही तळाशी. "अकरा माणसांवरून जग सिद्ध होत नाही," लेक म्हणाली, "पण तुमच्या मॅडमना प्रश्न विचारता येतो." व्यवस्थितरावांनी तक्रार निवारण समितीकडे अर्ज करायचं ठरवलं. एकवीस वर्षांत त्यांनी पंख्याच्या आवाजाचीसुद्धा तक्रार केलेली नव्हती.

तक्रारीच्या फॉर्मवर भेदभावाच्या कारणांपुढे चौकोन होते: लिंग, धर्म, वय, अपंगत्व, इतर. व्यवस्थितरावांनी 'इतर'वर खूण केली आणि पुढे नीटस अक्षरात लिहिलं: "रूप." कार्मिक अधिकाऱ्यांनी चष्मा वर ढकलला.

"रूप म्हणजे? देखणे असल्यामुळे त्रास झाला की...?"

"तुम्हीच बघून सांगा," व्यवस्थितराव म्हणाले.

अधिकाऱ्यांनी बघितलं. मग खिडकीबाहेर बघितलं. "तसं मी कसं म्हणणार? मी म्हटलं तर तीच तक्रार होईल. तुम्ही काहीतरी पुरावा आणा. दाखला वगैरे."

दाखला कोण देणार? ते आधी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी रक्तदाब तपासला, जीभ बघितली आणि सांगितलं की चेहऱ्याची प्रकृती उत्तम आहे, आणि ज्यावर औषध नाही त्याचा दाखला देता येत नाही. तपासणीची फी मात्र पूर्ण घेतली.

मग ते वरच्या मजल्यावरच्या वकिलांकडे गेले. वकील निवृत्त झाले होते, पण बोलण्यातून नाही. "तुमची केस अवघड आहे आणि म्हणूनच गोड आहे," ते हात चोळत म्हणाले. "कायद्यात धर्म आहे, लिंग आहे, अपंगत्व आहे. चेहरा बहुतेक ठिकाणी नाही. का नाही? कारण ज्याला न्याय हवा त्याने आधी चारचौघांत उभं राहून म्हणायचं की मी कुरूप आहे. एवढा धीर असलेला माणूस मी चाळीस वर्षांत पाहिला नाही."

"पण मॅडम म्हणतील, गिऱ्हाइकांना आवडतो म्हणून हिरोला जास्त दिले."

"म्हणू देत. उद्या गिऱ्हाइकांनी सांगितलं की आम्हाला अमक्या धर्माचा विक्रेता नको, तर मालकाला तसं वागता येईल? नाही येणार. गिऱ्हाइकाचा दोष मालकाने उचलला म्हणून तो गुण होत नाही. उलट बाजूने असंही म्हणता येईल की ज्याच्यामुळे माल जास्त खपतो त्याला जास्त द्यायचं नाही का? मग उंच माणसाने वरच्या फळीवरचा डबा काढला तरी तो अन्यायच! तुम्हाला कोणती बाजू लढवायची?"

"माझी."

"मग प्रतिज्ञापत्र करू." आणि वकिलांनी तिथल्या तिथे मजकूर सांगितला: "मी, खाली सही करणार, शपथेवर लिहून देतो की मी दिसायला सर्वसाधारण मानापेक्षा कमी आहे." कागदाच्या डाव्या बाजूला त्यांनी फोटोसाठी चौकोन आखला, त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "फोटो लावणारच आहोत, तर शपथेची तशी गरज नाही."

फोटो हीच पुढची आपत्ती ठरली. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याला त्यांनी बजावून सांगितलं होतं की आहे तसा काढ. फोटोवाल्याने आपल्या परीने तेच केलं. फक्त सवयीने हनुवटी थोडी पुढे ओढली, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसली आणि कान डोक्याला चिकटवून टाकले. सहा प्रती. व्यवस्थितरावांनी तो फोटो हातात घेतला. असा चेहरा असता तर किती टक्के मिळाले असते, हा हिशेब त्यांनी फोटोवाल्यासमोरच उभं राहून मनात केला. मग ते भानावर आले.

"अरे, हा पुरावा आहे! हा मी नाही!"

"काका, मी कोणालाही वाईट दाखवत नाही," फोटोवाला दुखावल्या आवाजात म्हणाला. "धंद्याची तत्त्वं असतात."

कार्मिक अधिकाऱ्यांनी तोच फोटो बघून खुशीत मान हलवली. "यात तर तुम्ही बरे दिसता. मग तक्रार कशाची?"

दरम्यान इमारतीत बातमी पसरली आणि दोन पक्ष पडले. एका पक्षाचं म्हणणं, सुनावणीआधी केस रंगवा, चांगला सूट शिवा, दाढी कोरून घ्या, कारण दिसण्यातला बराचसा भाग नीटनेटकेपणाचा असतो आणि तेवढा तरी आपल्या हातात असतो. यात तथ्य असल्याचं लेकीनेही कबूल केलं. दुसऱ्या पक्षाचं पुढारपण वकिलांकडे होतं. त्यांनी जिन्यात अडवून ताकीद दिली की सुनावणी होईपर्यंत कंगव्यालासुद्धा हात लावायचा नाही. व्यवस्थितराव सकाळी एका पक्षाचं ऐकत आणि संध्याकाळी दुसऱ्याचं. शेवटी त्यांनी केस अर्धे रंगवले. रंग अंगावर उठला. उजवा डोळा सुजून बंद झाला आणि कपाळावर लाल चट्टे आले. वकिलांनी त्यांना बघून टाळी दिली. "उत्तम! असंच राहा!"

सुनावणीच्या आदल्या दिवशी ऑफिसात हिरो त्यांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. व्यवस्थितरावांना वाटलं, आता हा भांडणार. तो खुर्ची ओढून बसला.

"काका, एक विचारू? तुम्ही माझ्याविरुद्ध तक्रार केलीय?"

"तुझ्याविरुद्ध नाही. तुझ्या नाकाविरुद्ध."

हिरो हसला नाही. "मी नवीन लागलो तेव्हा मॅडमनी मला दुसऱ्या महिन्यात गटप्रमुख केलं. मला काही येत नव्हतं. व्हॉल्व्ह कशाला म्हणतात तेही तुम्हाला विचारायचो. तेव्हापासून मला कळतच नाही, मी खरंच चांगला आहे की नुसता दिसतो. उद्या समितीला सांगा, माझाही फोटो झाकून मार्क द्या. मलाही एकदा कळू दे."

व्यवस्थितरावांनी खण उघडून त्याला बिस्कीट दिलं.

सुनावणीला समोर तिघे होते: कार्मिक अधिकारी, कंपनीबाहेरच्या एक निवृत्त प्राध्यापिका आणि उत्तर द्यायला विभागप्रमुख मॅडम. व्यवस्थितराव सुजलेल्या डोळ्याने आत गेले. प्राध्यापिकाबाईंनी दचकून विचारलं, "हे कामावर झालं का?"

"नाही, हे शेजाऱ्यांनी केलं," ते म्हणाले, आणि मिनिटभर तो वेगळाच विषय चालला.

मॅडम शांतपणे बोलल्या, आणि मनापासून बोलल्या. "मी आयुष्यात कोणाला तोंड बघून मार्क दिले नाहीत. तो मुलगा आत्मविश्वासाने बोलतो. फोनवर तोंड दिसत नाही हे मान्य, पण आवाज ऐकू येतो ना? आवाजात जोर असतो."

यावर लेकीने घोटवून घेतलेलं उत्तर व्यवस्थितरावांनी दिलं. असाच एक प्रयोग झाला आहे. माणसांना कोडी सोडवायला दिली. देखण्यांनी इतरांपेक्षा जास्त कोडी सोडवली नाहीत. पण आपण जास्त सोडवू असं त्यांना स्वतःला वाटत होतं, आणि काम देणाऱ्यांनाही वाटत होतं. गंमत म्हणजे ज्यांनी त्यांच्याशी फक्त फोनवर बोलून अंदाज केला त्यांनाही वाटलं. ज्याच्याकडे बघून लहानपणापासून सगळे हसले, तो ज्याचं ऐकलं जातं अशा माणसासारखा बोलायला शिकतो. "मॅडम, तो आवाज चेहऱ्यानेच कमावलेला असतो," ते म्हणाले. "तो गुण आहे की चेहऱ्याचंच व्याज, हे मला ठाऊक नाही. पण मला तो जोर कोणी शिकवला नाही. मी फोन उचलला की गिऱ्हाईक विचारतं, दुसरं कोणी आहे का."

प्राध्यापिकाबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "मोजून बघू या," त्या म्हणाल्या. फोनवरचं सगळं बोलणं कंपनी ध्वनिमुद्रित करतच होती. अकरा जणांच्या प्रत्येकी पाच फोनांना नुसते क्रमांक दिले गेले. यांचे आवाज न ओळखणाऱ्या दोन परक्या खात्यांच्या प्रमुखांनी ते ऐकून त्याच फॉर्मवर मार्क द्यायचे. कोपऱ्यातल्या फोटोच्या जागी कोरा कागद.

आठ दिवसांनी, डोळ्याची सूज उतरल्यावर, सगळे पुन्हा बसले. मॅडमच्या मार्कांत हिरो पहिला आणि व्यवस्थितराव नववे होते. दोघांत चौदा मार्कांचं अंतर होतं. नुसत्या आवाजावर अंतर पाच उरलं. व्यवस्थितराव चौथे आले, हिरो तिसरा.

"तिसरा?" दाराशीच बाकावर बसलेला हिरो उडालाच. "खरंच तिसरा? न बघता?" त्याने व्यवस्थितरावांना अशी मिठी मारली की त्यांचा चष्मा कानावरून सुटला.

मॅडम दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "नऊ मार्क," त्या हळूच म्हणाल्या. "मला शपथेवर विचारलं असतं तरी मी नाही म्हटलं असतं." मग त्यांनी समोरची फाईल उघडली. "पण मग हेही बघायला हवं. मी एकटीच फोटो लावलेल्या कागदांवर मार्क देत नाही." त्यांनी एक कागद व्यवस्थितरावांपुढे सरकवला. "गेल्या वर्षी शिकाऊ मुलगी घेताना जुने म्हणून तुम्हाला मुलाखतीला बसवलं होतं. अक्षर तुमचंच ना?"

अक्षर त्यांचंच होतं. इतकं नीट अक्षर कंपनीत दुसऱ्या कोणाचं नव्हतं. दोन मुली. पहिलीला लेखी परीक्षेत ब्याऐंशी, दुसरीला एकसष्ट. 'व्यक्तिमत्त्व' या रकान्यात पहिलीला पाचापैकी दोन, दुसरीला पाच. पहिलीच्या नावापुढे त्यांनी लिहिलेलं होतं: "हुशार वाटते, प्रभाव पडत नाही."

दुसरी मुलगी त्यांना स्वच्छ आठवत होती. पहिलीचा चेहरा मात्र काही केल्या आठवेना. त्यांनी कोपऱ्यातल्या फोटोकडे बघितलं. गोल चेहरा, जाड भुवया, थोडे पुढे आलेले दात, आणि नवीन कपडे घालून फोटोला बसलेल्या पोरीची ती ताठ मान. त्या दिवशी आपण कोणतं कारण शोधलं होतं? कारण शोधलंच नव्हतं. दुसरी आत आली तेव्हा खोलीत जरा उजेड वाढल्यासारखा वाटला होता, आणि त्यांनी तो गुण म्हणून लिहून टाकला होता.

"कसं काय, बरं वाटतंय ना?" कार्मिक अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाही," व्यवस्थितराव म्हणाले. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच.

निर्णय मात्र कार्यालयीन शिस्तीत झाला. फॉर्मवरून फोटो कायमचे काढायचे. हे मार्क यापुढे परक्या खात्याने, ऐकून द्यायचे. व्यवस्थितराव आणि आणखी दोघांची वाढ दुरुस्त करायची. आता कारण काय लिहायचं यावर अर्धा तास गेला. 'कुरूप असल्याने' असं लिहायला कोणी तयार होईना, आणि दुरुस्ती होणाऱ्या उरलेल्या दोघांनी तर निरोप पाठवला की असं काही लिहिणार असाल तर आम्हाला पैसेच नकोत. शेवटी कागदावर "तांत्रिक दुरुस्ती" असं लिहिलं गेलं. हा भेदभाव होता की नव्हता, याबद्दल समितीने आपलं मत राखून ठेवलं.

वाढलेल्या पगाराचं पत्र खिशात घालून व्यवस्थितराव घरी आले. आज त्यांनी दारातच बूट काढले, तेव्हा बायको घाबरली. लेक ओट्यापाशी चहा गाळत होती.

"काय झालं बाबा? हरलो?"

"जिंकलो. साडेचार टक्के आणखी." ते तसेच उभे राहिले. "आणि तो माणूस सापडला. 'प्रभाव पडत नाही' लिहिणारा."

लेकीने गाळणं खाली ठेवलं. "माझ्या मुलाखतीतला?"

"नाही. दुसऱ्या एका पोरीच्या. पण माणूस तोच म्हण." आणि त्यांनी दोन्ही हातांनी आपले दोन्ही कान धरले आणि स्वयंपाकघराच्या मध्यावर उभे राहिले.

बायकोने गॅस बंद केला. लेक बापाकडे बघत राहिली, आधी काही न समजून, मग सगळं समजून. तिचे डोळे भरून आले आणि तिला रागही आला. दोन्ही तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होते.

"किती दिले होते तिला?" तिने विचारलं.

"पाचापैकी दोन."

"तुम्हाला स्वतःला त्याहून कमी मिळालेत."

"म्हणूनच तर," ते म्हणाले.

त्या मुलीने किती वेळ वाट बघितली असेल, हा विचार त्यांच्या डोक्यातून जाईना. आपल्या लेकीने तीनदा बघितली होती. दारावरच्या पोस्टमनला ती कशी विचारायची ते त्यांना माहीत होतं.

लेकीने नाक पुसलं. "सोडा ते कान," ती म्हणाली. "आधीच काय कमी आहेत, अजून ओढले तर माझेही वाढतील." मग चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवत ती म्हणाली, "आणि मला सॉरी म्हणून काय उपयोग? फोन तिला करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला व्यवस्थितरावांनी आपल्या टेबलावरून नंबर फिरवला. पाच सुरेख मार्कांची ती मुलगी सहा महिन्यांतच दुसरीकडे गेली होती आणि तिची जागा रिकामी होती. मॅडमनी सकाळीच सही केली होती: नवीन परीक्षा, फोटोशिवाय, मुलाखत फोनवरून. शेजारी हिरो कान टवकारून बसला होता.

पलीकडून आवाज आला. खणखणीत, स्पष्ट आवाज. गेल्या वर्षी त्यांनी तो ऐकलाच नव्हता, कारण ते बघत बसले होते. त्यांनी नोकरीचं सांगितलं. मग, घसा खाकरून, मागच्या वेळी ती का गळली तेही सांगितलं. ते कोणी लिहिलं हेही सांगितलं. त्याला काही गोड शब्द लावले नाहीत.

आता ती फोन ठेवणार असं त्यांना वाटलं, आणि ठेवला असता तरी त्यांना वाईट वाटलं नसतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. आवाज थंड होता. "तुम्ही स्वतः दिसायला कसे आहात?"

व्यवस्थितरावांनी एकदा हिरोकडे बघितलं, एकदा समोरच्या काचेत बघितलं.

"एक पूर्णांक नऊ," ते म्हणाले. "पाचापैकी. तीस माणसांनी मोजून दिलेत."

पलीकडे तिला हसू आवरेना. ती हसली, मनापासून, मोठ्याने, आणि ते हसू इतकं छान होतं की शेजारी बसलेला हिरोही विनाकारण हसायला लागला.

"किती वाजता फोन कराल?" तिने विचारलं.

"तुम्ही सांगाल तेव्हा," व्यवस्थितराव म्हणाले, आणि नीट अक्षरात वेळ लिहून घेतली.